न उगवलेलं सोयाबीन आणि आमचं मेमोरियल: प्रकल्प नोंदी

4 जानेवारी 2026, रविवार. दारव्हा तालुका

मूट स्पर्धेचा, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वकील होऊन लढवायच्या लुटुपुटूच्या खटल्याचा, प्रॉब्लेम आला. आमच्या वाट्याला अपीलकर्त्याची, म्हणजे शेतकऱ्याची बाजू आहे. तिचा लेखी युक्तिवाद, म्हणजे मेमोरियल, आम्हाला लिहायचं आहे. प्रॉब्लेम काल्पनिक असला तरी आमच्या भागात हे प्रकरण कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

जून 2021. सहा एकरांचा शेतकरी कृषी सेवा केंद्रातून सोयाबीनच्या 30 किलोच्या सहा बॅगा पक्क्या बिलावर घेतो आणि चांगल्या पावसानंतर पेरतो. बियाणं उगवत नाही. तो कृषी विभागाकडे लेखी तक्रार करतो, पेरणीनंतर चौदाव्या दिवशी तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येते आणि सरासरी 28 टक्के उगवण नोंदवते. शेत मोडावं लागतं. जिल्हा ग्राहक आयोग 1,50,000 रुपये भरपाई आणि 9 टक्के व्याज देतो. राज्य आयोग तो आदेश रद्द करतो. कारणं दोन: बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, आणि शेतमाल विकणारा शेतकरी ‘ग्राहक’ नाही. राष्ट्रीय आयोग हेच कायम ठेवतो. सर्वोच्च न्यायालय अपिलाची परवानगी देतं, आणि तिथे आम्ही उभे आहोत.

लिहायला बसण्याआधी कायदा कोणता लागतो ते ठरवून घेतलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. खरेदी त्यानंतरची, म्हणून 1986 चा जुना कायदा इथे नाही. पण आपल्याला उपयोगी पडणारे जवळजवळ सगळे निकाल जुन्या कायद्याखालचे आहेत. तेव्हा प्रत्येक निकालाबरोबर जुनं कलम आणि त्याच्याशी जुळणारं नवं कलम अशी जोडी द्यावी लागेल: जुनं 13(1)(सी) म्हणजे नवं 38(2)(सी), जुनं 3 म्हणजे नवं 100. ही जोडी दिली नाही तर न्यायाधीश पहिलाच प्रश्न त्यावर विचारतील.

पुराव्याच्या कायद्याचं उलटं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024 पासून आला, पण तेव्हा चालू असलेल्या प्रकरणांना जुना 1872 चाच कायदा लागतो. सगळीकडे नवे आकडे घालायची सवय लागली आहे. इथे ती चालणार नाही.

7 जानेवारी

अधिकारक्षेत्राचा मजकूर लवकर झाला. ग्राहक कायद्याच्या कलम 67 खाली सर्वोच्च न्यायालयात अपील होतं, पण राष्ट्रीय आयोगाने मूळ तक्रारीवर आदेश दिला असेल तेव्हाच. आपलं प्रकरण तिथे कलम 51(2) खालच्या दुसऱ्या अपिलातून गेलंय. म्हणून मेमोरियलमध्ये संविधानाचा अनुच्छेद 136 येईल, कलम 67 नाही. तीन ओळी पुरे.

खरा वेळ इश्यू, म्हणजे न्यायालयाने उत्तर द्यायचे प्रश्न, ठरवण्यात गेला. माझ्या जोडीदारणीने पहिला मसुदा केला होता: ‘शेतकऱ्याला न्याय मिळावा का?’ भावना माझीही तीच, पण न्यायालयाला याचं उत्तर कायद्याने देता येत नाही. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “इश्यू वाचला की कायदा कोणता, घटना कोणती आणि खालच्या आयोगाचं चुकलं कुठे, हे तिन्ही दिसायला पाहिजे. एवढं आलं की अर्धा युक्तिवाद तिथेच झाला.”

मेमोरियल इंग्रजीत जाणार, पण आम्ही प्रत्येक गोष्ट आधी मराठीत मांडून घेतो. मराठीत जी गोष्ट अडखळते ती इंग्रजीत फक्त झाकली जाते. शेवटी दोन इश्यू ठरले.

पहिला: सहा एकरांवर स्वतः राबून कुटुंब चालवणारा शेतकरी बियाणं घेतो तेव्हा तो कलम 2(7) खाली ‘ग्राहक’ ठरतो की नाही.

दुसरा: सगळं बियाणं पेरून झालेलं असताना, आणि समितीचा शेतातला अहवाल नोंदीवर असताना, केवळ कलम 38(2)(सी) प्रमाणे प्रयोगशाळेची तपासणी झाली नाही म्हणून तक्रार फेटाळता येते की नाही.

तिसरा इश्यू भरपाईच्या रकमेवर घ्यावा असं आमच्या संशोधकाचं म्हणणं होतं. त्यावर भांडण झालं आणि तो प्रेअरपर्यंत, म्हणजे न्यायालयाकडे शेवटी करायच्या मागणीपर्यंत, राखून ठेवला.

11 जानेवारी, गावी

दुसरा इश्यू कागदावर नीट बसत नव्हता. कलम म्हणतं की ज्या दोषाचा निर्णय चाचणीशिवाय होऊ शकत नाही, त्यासाठी आयोगाने तक्रारदाराकडून नमुना घ्यावा, सील करावा, प्रयोगशाळेला पाठवावा, आणि प्रयोगशाळेने 45 दिवसांत अहवाल द्यावा. तक्रारदाराकडे नमुना असणारच असं यात धरलेलं आहे. हे शेतात कसं घडतं ते शेजारच्या भाऊंना विचारलं. ते बांधावर बसून तूर पाहत होते.

“बियाणं कोण ठेवते बापा? पावसाची उघाड पडली का दोन दिसात पेरणं आटपा लागते. बॅग फोडली, पावडर लावली, पेटीत ओतली. जे उरते ते नांगे भराले लागते. मूठभर दाणे बाजूले काढून ठेव म्हनून आमाले कोन सांगतलं?”

बॅग कुठे असते ते विचारलं. घरात जाऊन त्यांनी रिकामी बॅग आणून दाखवली. तिच्यात आता कुटार भरलेलं होतं. तोंडाच्या शिवणीत निळ्या टॅगचा कोपरा अजून अडकलेला, बाकी टॅग फाटून गेलेला. लॉट नंबर अर्धाच वाचता येत होता. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं. लॉट नंबर आणि मुदत याच टॅगवर असते, आणि बॅग उघडताना तोच पहिला फाटतो.

आमच्या प्रॉब्लेममध्ये टॅग आणि बिल दोन्ही जपून ठेवलेले आहेत, हे नशीब. दुसरी गोष्ट भाऊंनी न विचारता सांगितली: कंपनीचा माणूस आला की पहिलं विचारतो, किती खोल पेरलं आणि ओल किती होती. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. तीन-चार सेंटीमीटरपेक्षा फार खोल गेलं, किंवा 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होण्याआधीच पेरलं, तर चांगलं बियाणंही दगा देतं. म्हणजे प्रतिपक्षाचं मेमोरियल इथूनच सुरू होणार.

14 जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन लायब्ररीत बसलो. कॉलेजकडे पैसे भरून घ्यायचा डेटाबेस नाही, पण सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर फुकट मिळतात, आणि मूळ निकाल वाचायला तेवढं पुरतं.

मुख्य आधार मिळाला: नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी, (2012) 2 एससीसी 506. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांचं प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने तिथे आपल्या कामाच्या तीन गोष्टी सांगितल्या. बियाणे कायदा 1966 मध्ये शेतकऱ्याला भरपाई द्यायची सोयच नाही, त्यामुळे तो कायदा आहे म्हणून ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे. आणि पुढे कधी तपासणी लागेल म्हणून शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच धरता येत नाही. भाऊ रविवारी बांधावर जे बोलले तेच हे.

त्याच्याही आधीचा निकाल महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी विरुद्ध अलवलपाटी चंद्रा रेड्डी, (1998) 6 एससीसी 738. तिथे शेतकऱ्याने सगळं बियाणं पेरून टाकलं होतं, आणि कंपनीनेही स्वतःहून नमुना तपासणीला पाठवा असा अर्ज केला नव्हता. आपल्या प्रॉब्लेममध्येही कंपनीने जिल्हा आयोगात असा अर्ज केल्याची नोंद नाही. हा मुद्दा आम्ही युक्तिवादात वर घेतला.

मधुसूदन रेड्डीतून उतारा काढताना संशोधकाने एक गोष्ट पकडली. इंटरनेटवरच्या एका जुन्या मेमोरियलमध्ये याच निकालातला एक परिच्छेद न्यायालयाचं मत म्हणून छापलाय, पण मूळ निकालात तो कंपनीच्या वकिलाचा युक्तिवाद आहे. न्यायालय आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवतं आणि मग स्वतःचं सांगतं. उताऱ्याच्या वरचे दोन-तीन परिच्छेद वाचले की कोण बोलतंय ते कळतं. आता आमच्याकडे नियम आहे: ज्याने उतारा घातला, त्याने त्याच्या वरचं पान दुसऱ्याला वाचून दाखवायचं.

18 जानेवारी

बियाणे नियम 1968 चा नियम 13(3). मधुसूदन रेड्डीतही हा येतो. बियाणं विकणाऱ्याने प्रत्येक लॉटची पूर्ण नोंद तीन वर्षं ठेवायची, आणि नमुना तो लॉट संपल्यावर एक वर्ष होईपर्यंत टाकायचा नाही. म्हणजे नमुना सांभाळायची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर टाकलीय. जोडीदारणीने टेबलावर हात आपटला, “झालं, दुसरा इश्यू जिंकला!”

मॅडमनी नियम शेवटपर्यंत वाचायला सांगितला. शेवटचं वाक्य असं की हा राखलेला नमुना तपासायची वेळ आली तर तो फक्त शुद्धतेसाठी तपासायचा. आपला दोष शुद्धतेचा नाहीच, उगवणशक्तीचा आहे. प्रतिपक्ष उभा राहून एवढंच वाक्य वाचेल आणि खाली बसेल.

यावर बराच वेळ घालवला आणि मांडणीच बदलली. नियम 13(3) मुळे कंपनीचा नमुना तपासून दोष सिद्ध झाला असता, असं आता आम्ही म्हणत नाही. त्या नियमाचा उपयोग फक्त नमुना ठेवायची अपेक्षा कायदा कोणाकडून करतो हे दाखवण्यापुरता. उगवणशक्तीसाठी दुसरा आधार घेतला: नियम 23-ए. पीक बियाण्यामुळे फसलं अशी लेखी तक्रार आली की बियाणे निरीक्षकाने टॅग, पिशवी आणि शक्य असेल तेवढं उरलेलं बियाणं ताब्यात घ्यायचं, आणि त्या लॉटचे नमुने बीज विश्लेषकाकडे पाठवून कारण शोधायचं. आपल्या प्रॉब्लेममध्ये त्याच लॉटच्या बॅगा तेव्हा दुकानात होत्या आणि निरीक्षकाने नमुना घेतला नाही. शेतकऱ्याने तक्रार वेळेत केली. त्यानंतरचं काम दुसऱ्यांचं होतं, आणि ते झालं नाही म्हणून त्याचाच दावा बुडवता येत नाही.

कंपनीकडे एकच कागद आहे: मार्चमधलं चाचणी प्रमाणपत्र, 82 टक्के उगवण. सोयाबीनसाठी किमान 70 लागते. पण तो नमुना गोदामातला, मार्चमधला. बॅगा जूनमध्ये विकल्या गेल्या. मधल्या उन्हाळ्यात माल कसा साठवला, कसा वाहून नेला, हे कंपनीला माहीत आहे आणि तिने सांगितलेलं नाही. जवळचा चांगला पुरावा जो पुढे आणत नाही त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो, त्यासाठी पुरावा कायद्याच्या कलम 114 चं उदाहरण (जी) आणि गोपाल कृष्णाजी केतकर विरुद्ध मोहम्मद हाजी लतीफ, एआयआर 1968 एससी 1413. ग्राहक आयोगात पुरावा कायदा काटेकोरपणे लागत नाही, म्हणून ‘या तत्त्वाने’ असं लिहिलं.

22 जानेवारी

आज विरोधातला निकाल घेतला. हरियाणा सीड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन विरुद्ध साधू, (2005) 3 एससीसी 198. पिकाची अवस्था कमीजास्त असली म्हणून दोष बियाण्याचाच असं होत नाही. अहवालात बियाण्याच्या निकृष्टपणाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर इतरही कारणं असू शकतात.

हा निकाल मेमोरियलमध्ये घ्यावा की गाळावा यावर आमच्यात दोन मतं होती. माझं मत पहिल्यापासून घ्यावा असं होतं. प्रतिपक्ष तो आणणारच, आणि आपण तो आधी हाताळलेला असेल तर न्यायाधीशांचा आपल्यावर विश्वास बसतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लपवणं हे वकिलाच्या कर्तव्यालाही धरून नाही.

वेगळेपण कुठे आहे ते समितीच्या अहवालात सापडलं. प्रॉब्लेमच्या परिशिष्टात तो दीड पानाचा आहे. समितीने शेतात पाच ठिकाणी माती उकरून पेरणीची खोली मोजली, तीन ते चार सेंटीमीटर. ओल पुरेशी, असा शेरा. मंडळातला पेरणीआधीचा पाऊस 110 मिलिमीटर. आणि सगळ्यात मोलाची ओळ अगदी खाली: त्याच धुऱ्यापलीकडे, त्याच दिवशी, त्याच ट्रॅक्टरने पेरलेलं दुसऱ्या लॉटचं सोयाबीन नीट उगवलेलं आहे.

‘बियाणं निकृष्ट’ असे शब्द अहवालात नाहीत. ते आहेत असं आम्ही लिहिणार नाही. आमचं म्हणणं असं: साधू प्रकरणातली अट यासाठी आहे की माती, पाऊस, पेरणी ही कारणं मोकळी राहू नयेत. इथे समितीने ती एकेक करून तपासून बाद केली, आणि शेजारच्या शेताने तेच दाखवलं. माती, दिवस, अवजार तेच होतं. वेगळा होता फक्त लॉट. कलम 38(2)(सी) चाही पहिला शब्दसमूह ‘चाचणीशिवाय ठरवता येत नाही’ असा आहे. इथे ते ठरवता येतं, म्हणून प्रयोगशाळेची अट इथे लागूच होत नाही. दुसऱ्या इश्यूचा हा आता पहिला मुद्दा, आणि नमुना कोणी ठेवायचा हा दुसरा. आधी आम्ही क्रम उलटा ठेवला होता, पण पहिला टिकला तर दुसऱ्याची गरजही पडत नाही.

पहिला इश्यू त्या मानाने सरळ. कलम 2(7) चं स्पष्टीकरण म्हणतं की स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजायची नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट, (1995) 3 एससीसी 583 मध्ये एकदोन माणसांची मदत घेतली तरी स्वयंरोजगार राहतो असं आहे. पेरणीला दोन मजूर लावले म्हणून सहा एकरांचा मालक व्यापारी होत नाही. चार पानांत संपवला.

27 जानेवारी

प्रेअर. संशोधकाने आणलेला मसुदा लांबलचक होता: राज्य व राष्ट्रीय आयोगाचे आदेश रद्द करावेत, भरपाई 2,50,000 करावी, कंपनीचा परवाना रद्द करावा, राज्यभर नमुना ठेवायची सक्ती करावी.

एकेक ओळीला दोनच प्रश्न विचारले: हे मागायचा पाया युक्तिवादात कुठे आहे, आणि या अपिलात ते मिळू शकतं का. परवाना देणं-काढणं हे बियाणे नियंत्रण आदेश 1983 खाली परवाना अधिकाऱ्याचं काम, आणि आमच्या युक्तिवादात त्यावर एक ओळही नाही. गेलं. राज्यभराची सक्तीही गेली, एका शेतकऱ्याच्या अपिलात राज्य पक्षकारच नाही.

रकमेवर खरी चर्चा झाली. संशोधकाचा हिशेब होता: बियाण्याची किंमत, अधिक पेरणीचा खर्च, अधिक संपूर्ण पिकाची किंमत. पण पिकाची पूर्ण किंमत मिळाली की तिच्यात बियाणं आणि पेरणी आलीच, पीक आलं असतं तरी तो खर्च झालाच असता. तेच दोनदा मागितल्यासारखं होतं. उलट न झालेला खर्च वजा करावा लागतो. प्रॉब्लेममधले आकडे घेऊन मांडलं: एकरी 8 क्विंटल धरून सहा एकरांचे 48 क्विंटल. 2021-22 चा सोयाबीनचा हमीभाव 3,950 रुपये. एकूण 1,89,600. कापणी-मळणीचा वाचलेला खर्च एकरी 5,000, म्हणजे 30,000. उरले 1,59,600.

जिल्हा आयोगाने 1,50,000 दिले होते. मग 1,59,600 मागावे? मॅडमनी तारखांचा तक्ता काढायला लावला. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील केलं ते फक्त कंपनीने. शेतकऱ्याने रक्कम वाढवून मागितलीच नव्हती. जे तो खाली मान्य करून बसला, त्यापेक्षा जास्त इथे मागायला पाया नाही. म्हणून हिशेब युक्तिवादात ठेवला, जिल्हा आयोगाची रक्कम प्रत्यक्ष नुकसानीच्या आत आहे हे दाखवायला, आणि स्वतंत्र तिसरा इश्यू कायमचा गाळला.

प्रेअर आता अशी:

‘वरील मुद्दे, युक्तिवाद आणि आधार लक्षात घेऊन माननीय न्यायालयाने कृपया असं घोषित करावं की अपीलकर्ता कलम 2(7) खाली ग्राहक आहे, राष्ट्रीय आयोगाचा आणि राज्य आयोगाचा आदेश रद्द करून जिल्हा आयोगाचा 1,50,000 रुपये व त्यावरील 9 टक्के व्याजाचा आदेश पुनर्स्थापित करावा, अपिलाचा खर्च द्यावा, आणि न्याय, समानता व सद्विवेकाला धरून योग्य वाटेल तो अन्य आदेश द्यावा.’

31 जानेवारी

आज फक्त तपासणी. आधारांच्या यादीतली प्रत्येक नोंद मजकुरात त्या पानावर सापडते का ते पाहिलं. पानं सरकल्यामुळे काही आकडे बदलावे लागले. घटनांच्या भागातून ‘बेजबाबदार कंपनी’, ‘हतबल शेतकरी’ असे शब्द काढले. तिथे फक्त घटना हव्यात. युक्तिवाद तिथेच सुरू झाला की न्यायाधीश पुढचंही सावधपणे वाचतात. मुखपृष्ठावर कॉलेजचं नाव नाही, फक्त टीम कोड, आणि अपीलकर्त्याचा निळा रंग.

संध्याकाळी मॅडम न्यायाधीश होऊन बसल्या. पहिलाच प्रश्न: “वकीलसाहेब, शेजाऱ्याचं बियाणं उगवलं यावरून तुमचं निकृष्ट होतं, हे अनुमान आहे की पुरावा?” जोडीदारणीने उत्तर दिलं: “मॅडम, अनुमानच आहे. पण समितीने स्वतः पाहिलेल्या चार नोंदींवरून काढलेलं, आणि ते खोडायला लागणारा साठवणुकीचा कागद फक्त कंपनीकडे आहे.”

हेच उत्तर एका वाक्यात करून दुसऱ्या इश्यूच्या सारांशात घातलं. त्यासाठी सारांशातली एक जुनी ओळ काढावी लागली, पानांची मर्यादा गाठली होती. पीडीएफ रात्री दहाला पाठवली. उद्यापासून प्रतिपक्षाच्या बाजूने वाचायला घेतो, नियम 13(3) च्या शेवटच्या वाक्यापासून.